आठवीच्या दोन वर्तुळांत तीन मुलं जास्त होतायत, मदत हवी आहे

नेहा_इंदूर
उद्या पुन्हा तास आहे, जरा पटकन सांगा. आठवीला संच सुरू केलेत. पुस्तकातली उदाहरणं मुलांना कंटाळवाणी वाटली, म्हणून त्यांच्याच आवडी घेतल्या आणि हात वर करायला सांगून मोजलं. क्रिकेट 21, चित्रकला 17, दोन्ही 6. फळ्यावर वर्तुळं काढून आकडे भरले, तर मागच्या बाकावरून आवाज: "मॅडम, तीन बच्चे बाहर से आए क्या?" सगळा वर्ग हसला. चुकतंय कुठे?

पाटणकर_काका
आठवीला संच? माझ्या नातीला सीबीएसईत अकरावीत आले. हल्ली सगळंच लवकर.

गणित_वेडा
सोपं आहे. तुम्ही चंद्रकोरीत 21 लिहिले असणार. त्यातले 6 मधल्या भागात आधीच आहेत. 21 मधून 6 काढा, 15 राहतात. 17 मधून 6 काढा, 11 राहतात. झालं.

नेहा_इंदूर
अहो, तेच केलंय! 15, 6, 11. एवढं कळतं मला.

सुलभाताई
वर्गात एकूण मुलं किती, आणि दोन्ही न आवडणारी किती? ते लिहिलंच नाहीत तुम्ही.

नेहा_इंदूर
हो की. पट 36, सगळे हजर होते. दोन्ही नको म्हणणारे 7.

रंगरेषा
चित्रकलेचा चांगला क्लास हवा असेल तर आमच्या कॉलनीत सुट्टीत चालतो. मुलं खूश असतात.

सुलभाताई
आता दिसलं. 15, 6, 11 मिळून 32. बाहेरचे 7 धरले की 39. वर्ग 36 चा. म्हणजे तुमची वजाबाकी बरोबर आहे, मोजणी एकमेकींशी जुळत नाही.
उलट बाजूने बघा. 36 मधून 7 गेले, 29 जण कुठल्यातरी वर्तुळात हवेत. 21 आणि 17 मिळून 38. वरचे 9 दोनदा मोजले गेलेत, म्हणजे मध्ये 9 हवेत आणि तुमच्याकडे 6 हात वर झाले. पण खोटं कोण बोलतंय हे आकड्यांवरून कळणार नाही. कदाचित मध्ये 6 च असतील आणि बाहेरचे खरे 4 असतील. प्रश्न कसा विचारलात, शब्दांसकट सांगा.

गणित_वेडा
मध्ये 9 च. सूत्र आहे ना.

सुलभाताई
चारपैकी तीन आकडे खरे असतील तर सूत्र चौथा देतं. इथे कुठले तीन खरे, तेच माहीत नाही.

नेहा_इंदूर
शाळा हिंदी माध्यमाची. "क्रिकेट किसको पसंद है", मग "ड्रॉइंग किसको", मग "दोनों किसको", शेवटी "कुछ भी नहीं".

सुलभाताई
'दोनों' ऐकल्यावर ज्याला क्रिकेट जरा जास्त आवडतं तो हात वर करत नाही, त्याला वाटतं दोन्ही सारखंच आवडायला हवं. आणि "ड्रॉइंग और क्रिकेट वाले हाथ उठाओ" तर कधीच म्हणू नका, दोन्हीकडची सगळी पोरं हात वर करतील.
मूळ घोटाळा मात्र 'पसंद' या शब्दात आहे. कोण आत, कोण बाहेर हे ठामपणे सांगता आलं पाहिजे, नाहीतर संचच होत नाही. "या रविवारी क्रिकेट खेळलास का, चित्र काढलंस का?" असं विचारा. प्रत्येकाला एक चिठ्ठी, तिच्यावर हजेरी क्रमांक. जमिनीवर सुतळीची दोन वर्तुळं, एकमेकांत शिरलेली. ज्याने त्याने आपली चिठ्ठी एकाच जागी ठेवायची, बाहेर ठेवली तरी चालेल. चारही जागच्या चिठ्ठ्या मोजल्या की 36 यायलाच हव्यात. "क्रिकेट खेळलेले किती?" हे त्यानंतर विचारा. मुलं चंद्रकोरच मोजतील; मधल्या चिठ्ठ्या बोटाने दाखवून त्याही मोजायला लावा.

गणित_वेडा
आणि वर्तुळं आकड्यांच्या प्रमाणात लहानमोठी काढा.

सुलभाताई
गरज नाही. आकार काही सांगत नाही. मध्ये एकही चिठ्ठी पडली नाही तरी वर्तुळं सुटी करू नका, तिथे 0 लिहा.

नेहा_इंदूर
करून आले. फक्त क्रिकेट 12, मध्ये 7, फक्त चित्र 5, बाहेर 12. बरोबर 36. "क्रिकेट कितने" विचारल्यावर पंधरा-वीस जण 12 म्हणाले. एका मुलीने उठून मधल्या चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं आणि 19 म्हणाली.
पण एकाची चिठ्ठी अजून माझ्या टेबलावर आहे, 37 वी होऊ नये म्हणून मुद्दाम वर्तुळांपाशी ठेवली नाही, कारण पोरांनीच त्याच्या जागी कोरी चिठ्ठी बाहेर टाकलीय. रविवारी तो फक्त अंपायर होता. वर्गात दोन तट पडलेत. कुठे ठेवू?

पाटणकर_काका
आत. अंपायरशिवाय मॅच कसली?

गणित_वेडा
बाहेर. 'खेळला' का?