मदत हवी आहे: बदलीचा अर्ज दीड पानावरून सहा ओळींवर आणलाय, बघता का?

मी धार जिल्ह्यातल्या सरकारी शाळेत गणित शिकवते, घर इंदूरला. सासूबाईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, म्हणून बदली मागतेय. पहिल्या खर्ड्यात बसचे हाल, नणंदेचं लग्न, माझी पाठदुखी, सगळं ओतलं होतं. आमचे काका निवृत्त हेडक्लार्क. ते म्हणाले, "बाबू पहिल्या चार ओळी वाचतो गं. कारण तिथेच दिसू दे." मग हे उरलं (नक्की झालं की हिंदीत करीन):

"विषय: स्वेच्छेने बदलीबाबत विनंती.
माननीय महोदय,
मी या शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून कार्यरत आहे. माझ्या सासूबाईंचे इंदूर येथे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस होते आणि त्यांची जबाबदारी माझ्यावर आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. गणिताचे पद रिक्त असल्यास माझी बदली राऊ येथे, अन्यथा महू येथे करावी, ही नम्र विनंती. आपण विचार कराल याबद्दल आभारी आहे."

खाली नाव, पद, कर्मचारी क्रमांक, तारीख.

दोन ठिकाणी अडलेय. "अन्यथा महू" लिहिलं तर थेट महूच देतील का? पण एकच गाव लिहिलं आणि तिथे जागा नसली तर अर्ज तिथेच संपायचा. आणि "जबाबदारी माझ्यावर" मोघम वाटतं. यजमान नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात, हे अर्ध्या वाक्यात घालू का? अर्ज करून बदली मिळालेल्यांनी सांगा ना.