वेठबिगार : मजुरी मिळाली तरी?

टीवायची विद्यार्थिनी : राज्यशास्त्राच्या सराव पेपरातला प्रसंग असा. सरकारी बांधकामावरचा ठेकेदार मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी रोज देतो. मजूर स्वतःहून आलेत, कोणी डांबून ठेवलेलं नाही. अनुच्छेद ओळखा. मी ४३, निर्वाह वेतन लिहिलं. उत्तरसूचीत २३ आहे, वेठबिगारीला मनाई. पण वेठबिगार म्हणजे फुकट राबवणं ना?

साइटवरचा : आमच्याकडे गवंड्याच्या हाताखालच्याला बिगारी म्हणतात आणि त्याला रोज संध्याकाळी पैसे मिळतात. त्यामुळे ४३च बरोबर वाटतं.

जुना मास्तर : बोलीतला बिगारी पैसे घेतो, हे खरं. मूळ फारसी शब्दात मात्र बिनमजुरीचं काम असाच अर्थ होता. वेठ संस्कृत विष्टीवरून आली. पण २३ वाचताना वेठबिगारीपाशी थांबू नका. पुढे ‘त्यासारखे सक्तीचे श्रम’ही आहेत, आणि हा प्रसंग तिथे बसतो.

दिल्लीत १९८२च्या एशियाडची बांधकामं चालू होती, तेव्हाच्या मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सने तो नेला होता. न्यायालय म्हणालं, सक्ती दंडुक्याचीच असते असं नाही, भुकेचीही असते. दुसरा मार्ग असता तर कायद्याने ठरलेल्यापेक्षा कमी पैशांत कोण राबलं असतं? म्हणून किमान वेतनाहून कमी देणं म्हणजे सक्तीचे श्रम. तुमच्या प्रसंगात ‘स्वतःहून आलेत’ हे शब्द मुद्दाम घातलेत. त्यांनीच चकवलं.

साइटवरचा : मग ४३ कधी लिहायचं?

जुना मास्तर : ठेकेदार किमान वेतन पुरतं देतोय, तरी त्यात घरभाडं आणि मुलांची शाळा भागत नाही, असा प्रसंग आला की. निर्वाह वेतन किमान वेतनाच्या पुढचं आहे. ते मिळावं यासाठी राज्याने झटायचं आहे, पण ३७व्या अनुच्छेदामुळे नुसत्या ४३वर कोर्टात दाद मागता येत नाही. प्रसंगात ‘किमान’ शब्द कुठे आहे आणि रक्कम त्याच्या खाली की वर, एवढं आधी पाहा.

वकिलीची उमेदवार : मला ऑफिसात महिन्याला फक्त प्रवासखर्च देतात. ही वेठच झाली की!

जुना मास्तर : चीड समजते, पण त्या निकालाचा आधार कायद्याने ठरलेलं किमान वेतन आहे. तुमच्या शिकाऊ कामाला ते लागू आहे का, हे आधी बघावं लागेल. मी छातीठोकपणे हो म्हणणार नाही.

वकिलीची उमेदवार : भुकेची सक्ती मला नाही, हे मान्य. पण सनदेआधी दुसरा मार्गही नाही. ती सक्ती कुठे मोजायची?

टीवायची विद्यार्थिनी : एक शंका राहिलीच. मी ठेकेदाराऐवजी खासगी बंगल्याचा मालक धरला, तर २३ टिकतो का? मूलभूत हक्क सरकारविरुद्धच ना?

जुना मास्तर : बहुतेक हक्क तसेच, पण २३ खासगी माणसालाही बांधतो. १७ अस्पृश्यतेचा, तोही. उत्तर २३च.