मदत हवी आहे: लग्नाच्या प्लॅनरवरचं 'वाटतं काय, असतं काय' स्किट, स्प्लिट स्क्रीन कशी लिहायची आणि शेवट कसा करायचा?

अबोली_सोलापूर
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात लग्नांचं प्लॅनिंग करते, डेस्टिनेशन वेडिंग वगैरे नाही, आपली होटगी रोड, विजापूर रोडच्या कार्यालयातली लग्नं. सीझनच्या आधी एक रील करायचंय, स्किट टाईप, स्क्रीनचे दोन भाग, एकात लोकांना वाटतं प्लॅनर काय करते आणि दुसऱ्यात ती खरं काय करते. आपल्याकडं अजून बऱ्याच घरात म्हणतात की मामा-मावश्या आहेत की, प्लॅनर कशाला पाहिजे. मला ते मामा-मावश्यांची चेष्टा न करता दाखवायचंय, कारण त्यांच्याशिवाय माझं एक पण लग्न पार पडत नाही हे मी मनापासून सांगते.

आत्ता सात प्रसंग लिहिलेत: पाण्याचा टँकर, फेटेवाला, न सापडणारा मामा, शालूची पिन, वाढलेली पानं, गुरुजींचा माईक, जनरेटर. सगळं मिळून एक मिनिट. मोबाईलवर कच्चं शूट करून घरच्यांना दाखवलं तर सगळे म्हणले की नक्की कुठं बघायचं तेच कळंना. दोन्हीकडं माणसं एकदमच बोलतात. आणि शेवटी 'आम्ही आहोत ना' अशी पाटी आणि नंबर येतो, ते मला फार कोरडं वाटतं. मला शेवट असा पाहिजे की बघणाऱ्याला त्या लग्नात आपण पण होतो असं वाटावं. कुणी असं काम केलंय का? स्क्रिप्टमध्ये स्प्लिटच्या खुणा कशा लिहितात ते पण सांगा.

रीलवाला_पोरगा
ताई सिंपल आहे, डावीकडं अपेक्षा उजवीकडं वास्तव, सगळे असंच करतात, अॅपमध्ये रेडी टेम्प्लेट पण मिळतं. आणि दोन्ही साईडचा आवाज चालू ठेवा, गोंधळ झाला तरच मजा येते.

शिंदे_साताऱ्याहून
तुमचे रेट काय आहेत? भाचीचं मे मध्ये आहे, अक्कलकोट रोडला कार्यालय बघितलंय, माणसं साडेचारशे.

अबोली_सोलापूर
दादा मेसेज करा, इथं स्किटचं विचारलंय 🙏

जुनाकॅमेरा
मी लग्नाचं शूट आणि एडिटिंग बरीच वर्षं करतोय, जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, उभ्या रीलमध्ये डावं-उजवं करू नका. स्क्रीन 1080 बाय 1920. मधून उभी कापली तर एकेका बाजूला 540 रुंदीची पट्टी उरते, त्यात एक माणूस कसाबसा मावतो आणि त्याच्या मागं काय चाललंय ते दिसतच नाही. आडवी कापली, म्हणजे वर-खाली, तर प्रत्येकी 1080 बाय 960 मिळतं, जवळजवळ चौकोन. तुमच्या स्किटमधली निम्मी गंमत पाठीमागं घडणारी आहे, तिला जागा लागणारच. पोराचं एक बरोबर आहे, नवरीचा शालू डोक्यापासून पायापर्यंत दाखवायचा असेल तर उभी पट्टी छान दिसते, पण तेवढ्या एका शॉटसाठी सगळं रील अरुंद करण्यात अर्थ नाही.

अपेक्षा वर, वास्तव खाली. पण खालच्या पट्टीच्या तळाला कॅप्शन येतं आणि उजव्या कडेला लाईक-शेअरची बटणं, म्हणून खालच्या चौकोनात तोंडं वरच्या अर्ध्यातच ठेवा आणि अक्षरं मधल्या रेषेवर लिहा, तिथं ती झाकली जात नाहीत.

दुसरं म्हणजे कुठं बघायचं. बघणाऱ्याची नजर एका वेळी एकाच चौकोनात असते. म्हणून एक बोलत असताना दुसऱ्यात फक्त मुकं काम. आधी वरचं वाक्य पूर्ण होऊ दे, मग वरचं चित्र जागच्या जागी थांबवा, अर्धा सेकंद जाऊ दे, मग खालचं बोलू दे. वर नुसती मंद सनई, खाली हॉलचा खरा आवाज. आवाज बदलला की नजर आपोआप तिकडं जाते, बाण बिण दाखवायची गरज पडत नाही.

सात प्रसंग एका मिनिटात म्हणजे प्रत्येकाला आठ सेकंद. त्यात वरचं वाक्य, थांबा आणि खालचं वाक्य बसत नाही, बसवलं तर घाई दिसते. तीन ठेवा. मामाचा प्रसंग मी असा लिहिला असता:

वर: प्लॅनर कानाला इयरफोन लावून ऐटीत, "नवरी रेडी, मामा रेडी, चला." फेटा बांधलेला मामा हात जोडून उभा.
खाली: मुकं. प्लॅनर फोन कानाला लावून खुर्च्यांमधून वाट काढतीय.
वर: थांबा. सनई बंद.
खाली: "मामा, कुठं आहात?" फोनमधून, "हे काय, सात रस्त्याला आलो की, पाच मिन्टं." आणि तिच्या खांद्यामागं, नाश्त्याच्या टेबलाला, मामा एका हातात फोन आणि एका हातात उप्पिटाची बशी घेऊन उभा.
खाली: प्लॅनर वळते. मामा बशी पुढं करतो, "खा की, सकाळपासून बघतोय, काय खाल्लं नाहीस."

शेवटचं वाक्य ठेवाच. त्यानं मामा हास्यास्पद न होता आपला होतो, तुम्हाला तेच पाहिजे ना.

शूटिंगला दोन्ही वेळा ट्रायपॉड त्याच जागी पाहिजे, फरशीवर चिकटपट्टीनं पायांच्या खुणा करा, फोनचा फोकस-एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर वरचा हॉल पिवळा आणि खालचा निळा दिसतो. आधी वरचे सगळे शॉट घ्या, साडी-मेकअप ताजा असताना. मग खालचे. घामासाठी स्प्रेची बाटली, पण आपल्या मे महिन्यात तिची गरज लागणार नाही.

रीलवाला_पोरगा
वर-खालीचं पटलं सर. पण दोन्ही आवाज चालू ठेवायचं माझं अजून तेच मत आहे, निदान सुरुवातीला तरी, लोक पहिल्या दोन सेकंदात स्क्रोल करतात.

जुनाकॅमेरा
सुरुवातीचे दोन सेकंद गोंधळ चालेल, संवाद नाही पण कल्ला, मग एकदम शांत करून वरचं वाक्य. ते करून बघा, वाईट दिसणार नाही.

मोदीखान्यातली_मावशी
अबोली, एक विचारते. वाढलेल्या पानांचा प्रसंग ठेवणार आहेस का गं? चारशे सांगितले आणि सहाशे आले, हे मुलीच्या बापाच्या जिवाला लागतं. त्यात तो कुठं हसणार? मला तरी ते काढावं वाटतं.

अबोली_सोलापूर
मावशी मी पण त्यातच अडकलीय. आचारी भात वाढवतो, मी माणसं टप्प्याटप्प्यानं जेवायला सोडते, ते खरं तर माझं सगळ्यात अवघड काम असतं आणि कुणाला दिसत नाही. बापाला न दाखवता नुसतं आचारी आणि मी असं करता येईल का बघते, अजून ठरलं नाही.

शिंदे_साताऱ्याहून
जनरेटरवरनं आठवलं. आमच्या चुलतभावाच्या लग्नात बरोब्बर मंगलाष्टकाला लाईट गेली. जनरेटर लागेपर्यंत थोडा वेळ जातोच आणि लागला तरी साऊंडवाल्याचं मशीन परत सुरू व्हायला वेळ लागतो. पण गुरुजी थांबले नाहीत, माईकशिवायच म्हणले, आणि 'सावधान' सगळा हॉल मोठ्यानं म्हणायला लागला. लहान पोरं पण. आमच्या घरात ते लग्न त्या 'सावधान'मुळंच सगळ्यांच्या लक्षात आहे.

अबोली_सोलापूर
दादा, अंगावर काटा आला. हाच शेवट घेऊ का? जनरेटरचा प्रसंग शेवटी ठेवायचा. वर दिमाखदार लाईट, खाली अंधार. मी खाली स्टेजमागं एक्स्टेन्शन बोर्ड धरून बसलेली, अक्षतांची वेळ, आणि मी नेहमीसारखी सगळ्यांच्या मागं. मग नवरीची आजी अंधारात चाचपडत येते, माझ्या मुठीत अक्षता देते आणि म्हणते, "तू पण टाक गं, तुझ्याच हातानं झालंय सगळं." यात स्प्लिट कसं संपवायचं?

जुनाकॅमेरा
अंतरपाट. तुमच्या दोन चौकोनांच्या मधली रेषा म्हणजेच अंतरपाट समजा.

आजीनं मूठ दिली की मधली पांढरी रेषा हळूहळू वर आणि खाली जाड होत जाते, साधारण एका सेकंदात सगळी स्क्रीन झाकते. तिथं कट करून खरा अंतरपाट पूर्ण फ्रेम भरून. मग तो दूर होतो आणि मागं एकच मोठं चित्र, नवरा-नवरी, सगळी माणसं, त्यांच्यातच तुम्ही, अक्षता उडताना. वर-खाली संपलं. हा शॉट कापायचा नसल्यामुळं उभा, पूर्ण फ्रेमचाच घ्या.

रेषेला नुसता पांढरा रंग देऊ नका. हॉलच्या दिव्यात कापड साईच्या रंगाचं दिसतं, एकदम पांढऱ्यावरून त्यावर गेलं तर झटका बसतो. एडिटिंगमध्ये ड्रॉपरनं कापडाचाच रंग उचलून रेषेला पहिल्यापासून तोच द्या. आणि कापडावर कुंकवाचं स्वस्तिक असेल तर कट साध्या भागावर घ्या, स्वस्तिक कापड हलताना दिसू दे.

अंधाराचं मात्र जपून. फोन अंधारात दाणेदार चित्र देतो. हॉलचे दिवे खरे बंद करू नका, खिडकीकडच्या उजेडात शूट करा आणि एडिटिंगमध्ये काळोखी आणा.

पूर्वभागातला
आम्ही पद्मशाली, आमच्याकडं पण नवरा-नवरीच्या मध्ये कापड धरतात आणि ते असतानाच एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात. ताई तुमचे अर्धे क्लायंट आमच्या भागातले असतील, त्यामुळं अंतरपाट सगळ्यांना लगेच कळंल, नवीन समजवायची गरजच नाही. भारी झालंय बघा.

अबोली_सोलापूर
हे माहीत नव्हतं, दुसरं रील जिरं-गुळावर नक्की. आवाजाचं एक राहिलं. माझं बिझनेस अकाउंट आहे, त्यात बरीच गाणी मिळतच नाहीत, म्हणून आमच्या ओळखीच्या गुरुजींकडून मंगलाष्टकाची एक ओळ माईकशिवाय रेकॉर्ड करून घेणार आणि 'सावधान' आमच्या गल्लीतल्या सगळ्यांकडून. गुरुजींना विचारलंय, जाहिरातीत मंत्र नको असं ते म्हणले तर फक्त 'सावधान' वर भागवायचं.

मोदीखान्यातली_मावशी
गुरुजी नाही म्हणले तर ऐकावं, त्यांचं पण बरोबर आहे. नुसत्या 'सावधान'नं पण काम होतंय की.

रीलवाला_पोरगा
काय बोललात सर, अंतरपाटाचं तर मी ऐकून गारच पडलो बे. ताई एडिटिंगला मदत लागली तर मी येतो, पैसे नको, नाव टाका फक्त. आणि आजीचं काम कोण करलालंय?

अबोली_सोलापूर
तेच शोधतीय. सत्तरीच्या पुढच्या, कॅमेऱ्याला न घाबरणाऱ्या आणि ते एक वाक्य पाठ करून नाही तर मनातनं म्हणतील अशा आजी पाहिजेत. कुणाच्या घरी असतील तर कळवा, शूटिंग रविवारी सकाळी, हॉल विजापूर रोडला, न्यायला-सोडायला गाडी मी पाठवते.

शिंदे_साताऱ्याहून
आमच्या आत्या सोलापुरातच असतात, शेळगीला. त्यांना विचारून सांगतो. आणि भाचीच्या लग्नाचं मेसेज केलाय, बघा.