मदत हवी आहे: तारकर्लीत फ्रेंच ग्रुप, खोल्या आणि जेवणावरून अडलंय

मी फ्रेंचच्या शिकवण्या घेते, अधूनमधून दुभाषाचं कामही करते. डिसेंबरात एका एजन्सीतर्फे तारकर्लीला ग्रुप आहे. पर्यटक सोळा आणि एक ग्रुप लीडर बाई. बाईंना इंग्रजी जेमतेम येतं, मॅनेजर मालवणी-मराठीत बोलतात. काल तिघांचा फोन झाला.

यादीत तीन जोडपी, मैत्रिणी-मैत्रिणींच्या चार जोड्या, दोघं एकटे आणि लीडर, म्हणजे दहा खोल्या. हॉटेलातही दहाच आहेत, पण दोन वेगळ्या खाटा असलेल्या फक्त तीन. चौथ्या जोडीसाठी मॅनेजर म्हणतात, "खाली गादी टाकतो." बाई नाही म्हणतात.

जेवणाचं वेगळंच. शुक्रवारी दुपारी चारला येणार, रविवारी पहाटे सहाला निघणार. बाईंनी हाफ बोर्ड मागितलं, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. मॅनेजर "एमएपी" म्हणाले, दोघं खूश. नंतर कळलं की शनिवारी रात्री लॉनवर हळदीचा कार्यक्रम आहे, म्हणून त्या दिवशी ते रात्रीऐवजी दुपारचं जेवण देणार. वर मॅनेजर मला म्हणाले, "हळदीचा तिका सांगू नको हां." हे मी सांगायचं की नाही? बाईंना अजून बोललेले नाही.

खारवी_वाट: सतरा माणसांना एवढा खर्च कशाला? आमच्या देवबागच्या घरगुती निवासात या, मासे ताजे, गादी खालीच असते आणि कोणाची तक्रार नाही.

नीलिमा_पुणे: गोंधळ कसला? एमएपी म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. मॅनेजर फसवतायत, सरळ सांगा.

गाईड_दादा: नीलिमाताई, बहुतेक वेळा रात्रीचंच असतं, पण आपल्याकडे एमएपीत नाश्ता आणि एक मुख्य जेवण धरतात. ते दुपारचं की रात्रीचं, हे हॉटेल ठरवतं किंवा आधी बोलून घेतात. म्हणून मॅनेजरना फसवे म्हणू नका. ताई, तुम्ही फोनवर प्लॅनचं नाव उच्चारूच नका, जेवणं वारानुसार मोजा. शुक्रवार रात्र, शनिवार सकाळ, शनिवार रात्र, रविवार सकाळ. या चारातलं प्रत्येक कुठे, किती वाजता, ते दोघांकडून वदवून घ्या. शनिवारी तुम्ही सिंधुदुर्ग किल्ल्यावर असाल, होडीतून परत यायला दुपार उलटते, तेव्हा हॉटेलातलं दुपारचं जेवण फुकट जाणार. आणि रविवारी सहाला निघणार असाल तर नाश्ता डब्यात बांधून हवा. बहुतेक ठिकाणी नाश्ता आठच्या आत लागत नाही आणि न खाल्लेल्याचे पैसे परत मिळत नाहीत. थाळीत कोणता मासा हेही आत्ताच विचारा. ठरलेल्या दरात बांगडा येतो, सुरमई मागितली की त्या दिवशीच्या भावाने वेगळे पैसे.

खोल्यांचं असं: उरलेल्या सात खोल्यांतले पलंग अखंड आहेत की दोन खाटा जोडलेल्या, हे विचारलंत का? जोडलेल्या असतील तर गादी एकच आहे का आणि डोक्याकडची फळी भिंतीला ठोकलेली आहे का, ते फोटोत दिसेल. दोन गाद्या असल्या आणि फळी मोकळी असली की चौथी जोडी सुटली. वेगळ्या खाटांच्या खोल्या एकट्या माणसांना मात्र देऊ नका.

अनघा_रत्नागिरी: हळदीचं सांगायलाच हवं. एजन्सी पैसे देते ती बाईंशी नीट बोलायला. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर कायद्यानेच बंद असतो, पण दहापर्यंतचं काय?

गाईड_दादा: सांगायला हवं हे बरोबर, पण आधी मॅनेजरना कळवा की तुमच्यासमोर बोललेलं सगळं दोन्हीकडे जातं, म्हणजे ते स्वतःच बोलतील. मी कामाच्या सुरुवातीलाच हे सांगून टाकतो.

अनघा_रत्नागिरी: कळवल्यावरही ते गप्प बसले तर?

गाईड_दादा: मग सांगून टाका. पण पुढच्या सीझनला त्याच हॉटेलात जायचं असेल तर कसं, हे मला आजही नीट जमलेलं नाही.

धागाकर्ती: आज फोन केला. सातपैकी दोन खोल्यांत खाटा जोडलेल्या आहेत, गाद्या वेगळ्या. एकीत फळी ठोकलेली, दुसरीत सुटी. ती सुटीवाली पक्की केली. शनिवारचं रात्रीचं जेवण वरच्या गच्चीवर साडेसातला द्यायला मॅनेजर तयार आहेत, रविवारचे डबे मात्र "बघूया" म्हणतायत. दोन्हीकडे सगळं सांगणार, हे कळवल्यावर ते थोडे गप्प झाले, मग म्हणाले, उद्या बाईंशी मीच बोलतो. लॉनकडच्या खोल्या कोणाला द्यायच्या हे अजून ठरायचंय. कोणाला तिथल्या हळदीचा अनुभव असेल तर सांगा, दहाला खरंच थांबतात का?