मदत हवी आहे : मार्केट डेप्थमधील मोठी विक्रीची भिंत खरी की दिखाऊ, हे कसे ओळखावे?

धागाकर्ता : शिवारवाट

नमस्कार. वडिलांच्या नावावरील एका लहान कंपनीचे ३,००० शेअर मला विकायचे आहेत. या शेअरमध्ये एनएसईवर दिवसभरात साधारण ४०,००० शेअरची उलाढाल होते आणि मार्केट डेप्थच्या, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या प्रलंबित खरेदी-विक्री ऑर्डरच्या यादीच्या, एकेका ओळीत बहुधा ६० ते ३०० शेअरच दिसतात. त्यामुळे विक्रीला सुरुवात करण्यापूर्वी काही दिवस केवळ डेप्थ पाहावी, असे ठरवले. त्या निरीक्षणात जे दिसले, त्याचा अर्थ जाणकारांकडून समजून घ्यायचा आहे.

परवा सकाळी अकराच्या सुमारास खरेदीची सर्वांत वरची बोली ६४२.०० रुपयांना होती आणि विक्रीच्या बाजूला ६४३.५० रुपयांना १८,५०० शेअर उभे राहिले. ऑर्डरच्या संख्येच्या रकान्यात तेथे फक्त २ हा आकडा होता. त्यानंतर भाव हळूहळू ६४१.२० पर्यंत उतरला. तेवढ्या वेळात सुमारे २,४०० शेअरचे व्यवहार झाले. भाव उतरत असताना ती भिंतही प्रथम ६४२.९० आणि मग ६४२.६० अशी खाली सरकत राहिली, मात्र पडद्यावर ती कायम तिसऱ्या किंवा चौथ्या ओळीतच दिसत होती. मग ती एकदम नाहीशी झाली आणि काही मिनिटांतच भाव ६४३.८० झाला.

माझा प्रश्न असा आहे की, वर एवढा माल विक्रीला उभा आहे असे दिसल्यावर मी माझी अपेक्षा कमी करून खालच्या भावात विकावे का, की या आकड्याकडे दुर्लक्ष करावे? दिसणाऱ्या बोलीवर किती विश्वास ठेवावा, हे पडताळण्याची एखादी पद्धत आहे का?

प्रतिसाद : बाजारभाव_नाशिक

एका ओळीतील आकड्याकडे पाहण्यापेक्षा डेप्थच्या तळाशी दिलेली एकूण खरेदी आणि एकूण विक्री यांची तुलना करावी, असे माझे मत आहे. एकूण विक्री खरेदीच्या दुप्पट असेल, तर भाव उतरण्याची शक्यता अधिक असते. एखादी दिखाऊ ऑर्डर एका ओळीला फसवू शकते, परंतु संपूर्ण बेरजेला फसवणे कठीण असते. मात्र भिंतीत फक्त दोनच ऑर्डर होत्या, हे आपण टिपले ते महत्त्वाचे आहे. तेच १८,५०० शेअर दीडशे-दोनशे लोकांचे असते, तर मी ते खरे मानले असते.

प्रतिसाद : अनिकेत_ठाणे

माझ्याकडील एका शेअरला सलग अप्पर सर्किट लागत आहे, म्हणजे भाव दिवसाच्या कमाल मर्यादेला अडकतो आहे, आणि खरेदीला दोन लाखांहून अधिक शेअर थांबलेले दिसतात. ही भिंतही खोटी असू शकते का? मी विकावे की थांबावे?

प्रतिसाद : जुना_डीलर

मी अनेक वर्षे एका दलाल संस्थेच्या स्वतःच्या व्यवहारांच्या डेस्कवर काम केले आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

प्रथम एकूण बेरजेविषयी. बाजारभाव_नाशिक यांनी ऑर्डरच्या संख्येबद्दल लिहिले ते योग्य आहे, परंतु तळाच्या बेरजेवर त्यांनी ठेवलेला विश्वास मला मान्य नाही. त्या बेरजेत भावापासून कितीही दूर असलेल्या, त्या दिवशी पूर्ण होण्याची शक्यताच नसलेल्या ऑर्डरही मोजल्या जातात. दहा टक्के वरच्या भावाला विक्री लावून ठेवणारे गुंतवणूकदार रोज असतात आणि त्यांचा माल आजच्या भावावर काहीही दबाव आणत नाही. शिवाय दूरची ऑर्डर पूर्ण होण्याचा धोका जवळपास नसल्यामुळे, बेरीज फुगवणे हे एक ओळ फुगवण्यापेक्षा सोपे आहे.

आता आपल्या भिंतीकडे वळू. पहिला प्रश्न असा की, ज्याला खरोखर १८,५०० शेअर विकायचे आहेत, म्हणजे दिवसाच्या जवळजवळ निम्म्या उलाढालीएवढा माल काढायचा आहे, तो माणूस ते सगळ्यांना का दाखवील? दाखवताच खरेदीदार मागे सरतात आणि त्याचेच नुकसान होते. खरा मोठा विक्रेता ‘डिस्क्लोज्ड क्वांटिटी’ वापरून ऑर्डरचा थोडाच भाग उघड करतो. एनएसईच्या रोख बाजारात किमान दहा टक्के भाग दाखवावा लागतो, त्यामुळे पडद्यावर १५० दिसत असले, तरी त्यामागे १,५०० शेअर असू शकतात. म्हणूनच मोठा आकडा दिसणे ही मला नेहमी विक्रीपेक्षा जाहिरात वाटते.

दुसरी आणि माझ्या मते सर्वांत उपयुक्त कसोटी म्हणजे भिंत नाहीशी होताना दिवसाच्या एकूण उलाढालीचा आकडा किती वाढला, हे पाहणे. भिंत खरेदी होऊन संपली असेल, तर उलाढाल तेवढीच वाढली पाहिजे. १८,५०० शेअर गेले आणि उलाढाल शंभरानेही वाढली नाही, तर ती ऑर्डर रद्द झाली, यात शंका उरत नाही. यासाठी कोणतेही महागडे साधन लागत नाही.

तिसरी गोष्ट विरुद्ध बाजूची आहे, आणि बहुतेक लोक तिकडे पाहतच नाहीत. असा खेळ करणाऱ्याला भिंतीवर व्यवहार नको असतो, त्याला समोरच्या बाजूला हवा असतो. वर मोठी विक्री दिसल्याने घाबरून लोक खालच्या बोलीला माल देतात आणि ती खालची बोली त्याचीच असते. म्हणून मला आपणास विचारायचे आहे की, भाव ६४१.२० असताना तेथील खरेदीची बोली कशी वागत होती?

अनिकेत, सर्किटचा विषय वेगळा आहे. तेथे विक्रेताच नसतो आणि वेळेच्या क्रमाने रांग लागते. ती रांगही दिखाऊ असू शकते, पण तिची चिन्हे निराळी असतात. त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा, ही विनंती.

प्रतिसाद : शिवारवाट

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. माझ्या नोंदीनुसार ६४१.२० रुपयांना १५० शेअरची एकच ऑर्डर होती. कोणीतरी तेथे विकले की आकडा ४० किंवा ७० पर्यंत उतरे आणि पुन्हा १५० होई. हे अनेक वेळा झाले. भिंत गेली त्या वेळी एकूण उलाढाल फक्त ९० शेअरनी वाढली होती.

प्रतिसाद : जुना_डीलर

मग चित्र बरेच स्पष्ट होते. ६४१.२० रुपयांना कोणीतरी आपली मागणी झाकून, शांतपणे माल गोळा करत होते. वर दिसणारे १८,५०० शेअर व्यवहाराविना रद्द झाले आणि भाव त्या भिंतीच्या मूळ जागेच्याही वर गेला.

भिंतीने तिसऱ्या-चौथ्या ओळीत राहण्याला मी विशेष महत्त्व देतो. शिकागोच्या वायदा बाजारात ई-मिनी एस अँड पी ५०० या वायद्यात पश्चिम लंडनमधील हौन्स्लो येथील घरातून व्यवहार करणाऱ्या नविंदर सिंग सराओ याची पद्धत हीच होती. त्याची विक्रीची बोली भावाबरोबर आपोआप सरकत असे आणि सर्वोत्तम भावापासून काही पायऱ्या दूर राहत असे, त्यामुळे ती दिसत असे पण क्वचितच पूर्ण होत असे. ६ मे २०१० रोजी अमेरिकी बाजार काही मिनिटांत कोसळून सावरला, त्या फ्लॅश क्रॅशच्या दिवशीही त्याचा हा प्रोग्राम चालू होता आणि २०१६ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. अर्थात त्या पडझडीत त्याचा वाटा किती, यावर आजही वाद आहे.

प्रतिसाद : मृण्मयी_क

मी थोडा वेगळा विचार मांडू इच्छिते. ऑर्डर रद्द करणे हा गुन्हा नाही. निर्देशांक हलला की मोठी संस्था आपली विक्री मागे घेऊन नव्या भावाला लावते, आणि काही संगणकीय पद्धती माल विकला जावा म्हणूनच भावामागे जातात. भिंत वर लावणारा आणि १५० ची बोली लावणारा ही दोन वेगळी माणसेही असू शकतात. पडद्यावर नाव दिसत नाही, मग आपण हेतू कसा ठरवणार? अमेरिकेतही मायकेल कोशिया या व्यापाऱ्याला अशाच दिखाऊ ऑर्डरबद्दल २०१५ मध्ये दोषी ठरवताना केवळ रद्द झालेल्या ऑर्डर पुरेशा ठरल्या नव्हत्या. त्याचा प्रोग्राम कशासाठी बनवून घेतला होता, याबद्दल तो लिहिणाऱ्याची साक्ष महत्त्वाची ठरली होती.

प्रतिसाद : जुना_डीलर

मृण्मयी यांचा आक्षेप रास्त आहे. हेतू सिद्ध करण्याचे काम आपले नाही आणि ते आपल्याला जमणारही नाही. एक्स्चेंजला प्रत्येक ऑर्डरमागील ग्राहक दिसतो, आपल्याला फक्त बेरीज दिसते. भावामागे जाणारा खरा विक्रेता आणि दिखाऊ भिंत यांत फरक करायचा असेल, तर भाव वर येऊ लागल्यावर काय होते ते पाहावे. खरा विक्रेता जागेवर थांबतो आणि त्याचा आकडा व्यवहारांमुळे कमी होत जातो, तर दिखाऊ भिंत मागे सरते किंवा निघून जाते. येथे ती निघून गेली, परंतु भाव उसळतो आहे असे पाहून खऱ्या विक्रेत्यानेही तसेच केले असते. एकाच प्रसंगावरून मी शपथेवर काही सांगणार नाही. हाच क्रम दोन्ही बाजूंना आलटून पालटून पुन्हा पुन्हा दिसला, तर मात्र माझा संशय पक्का होईल.

शिवारवाट यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर हेतूवर अवलंबून नाही. भिंत खरी असो वा नसो, आपल्या ३,००० शेअरसाठी तिचा उपयोग नाही. आपणास मिळणारा भाव खरेदीच्या बाजूला ठरतो. तेथे पाच ओळींत मिळून समजा ९०० शेअर असतील, तर एकदम विकल्यास आपण स्वतःच भाव पाडाल. १००-१५० च्या लिमिट ऑर्डर विक्रीच्या सर्वोत्तम भावाला लावत दोन-तीन दिवसांत माल काढावा. डिस्क्लोज्ड क्वांटिटी येथे फारशी उपयोगी नाही, कारण ३,००० चे दहा टक्के म्हणजे ३०० शेअर दिसतील आणि या शेअरमध्ये तेही नजरेत भरतील.

प्रतिसाद : बाजारभाव_नाशिक

बेरजेबाबतचा मुद्दा पटला. पण मग लोक लावून ठेवतात त्या जीटीटी ऑर्डरही त्या बेरजेत येतात का?

प्रतिसाद : मृण्मयी_क

नाही. जीटीटी दलालाकडे थांबलेली असते. ठरवलेला भाव आल्यावरच ती एक्स्चेंजकडे जाते, त्यामुळे डेप्थमध्ये ती आधी दिसत नाही. स्टॉप लॉस ऑर्डरही भाव गाठेपर्यंत दिसत नाही. म्हणजे डेप्थमध्ये खोटे दिसू शकते तसे खरे असूनही न दिसणारे पुष्कळ असते.

प्रतिसाद : शिवारवाट

सर्वांचे आभार. सोमवारपासून लहान ऑर्डरने विक्री सुरू करतो. एक शंका उरते. माझ्या ॲपमध्ये डेप्थ सतत बदलत असली, तरी मधले काही बदल सुटत असावेत असे वाटते. तसे असेल, तर उलाढालीच्या कसोटीत चूक होणार नाही का? आणि तक्रार करायची झाल्यास काय द्यावे?

प्रतिसाद : जुना_डीलर

होय, ॲपला प्रत्येक ऑर्डरची नोंद मिळत नाही, ठरावीक अंतराने घेतलेले चित्र मिळते. त्यामुळे क्षणार्धात लावून काढलेल्या ऑर्डर आपल्याला दिसणारच नाहीत. काही मिनिटे टिकणाऱ्या मोठ्या भिंतीसाठी मात्र ही कसोटी चालते, कारण उलाढालीचा आकडा दिवसाची एकूण बेरीज असतो आणि मधले चित्र सुटले, तरी व्यवहार त्यातून सुटत नाहीत.

तक्रार एक्स्चेंजकडे किंवा सेबीकडे करता येते. तारीख, वेळ, भाव, भिंतीचा आकडा, त्याच्या आधीची आणि नंतरची उलाढाल एवढे पुरेसे आहे. कोणाचे नाव घेऊ नये आणि निष्कर्षही लिहू नये. सेबीने एप्रिल २०२५ मध्ये एका दलाल संस्थेविरुद्ध स्पूफिंगबद्दल, म्हणजे अशाच दिखाऊ ऑर्डर लावून रद्द करण्याबद्दल, अंतरिम आदेश दिला होता, त्यामुळे या विषयाकडे त्यांचे लक्ष आहे. आपल्या तक्रारीवर काय होईल, हे मात्र मी सांगू शकत नाही.

प्रतिसाद : मृण्मयी_क

पुढील वेळी भिंत दिसली, तर भाव तिच्या दिशेने येताना ती कशी वागते तेवढे नक्की टिपून येथे लिहावे. जुना_डीलर यांचा संशय योग्य की माझा आक्षेप, हे त्याशिवाय कळणार नाही.