मदत हवी आहे: कथेतलं एडिटिंगचं भांडण खरं वाटतंय का?

नमस्कार मंडळी. मी एक कथा लिहितेय. नाशिकचे दोन मित्र, पहिलीच शॉर्टफिल्म. पंचवटीतल्या खोलीत रात्री एडिटिंगला बसलेत आणि एका शॉटवरून जुंपलीय.

शॉट असा: पहाटे रामकुंडावर आई द्रोणातला दिवा पाण्यात सोडते. दिवा लांब जातो, तिचा ओला हात मात्र तसाच पाण्यावर राहतो. एकूण 22 सेकंद. नंदूने तो शूट केलाय, त्याला पूर्ण हवाय. साहिल म्हणतो, 9 सेकंदांनी मुलाच्या चेहऱ्यावर जाऊ, नाहीतर गोष्ट आईचीच होऊन बसेल. मला दोघांचंही पटतं, म्हणून तर अडकलेय.

साहिल कापून दाखवतो, तर मागची देवळाची घंटा मधेच तुटते. चित्रापेक्षा आवाजातला तो झटका आधी कळतो. मग तो आईच्या शॉटचा आवाज मुलाच्या चेहऱ्याखाली तसाच चालू ठेवतो, म्हणजे एल-कट. घंटेचा नाद विरेपर्यंत आपण मुलाकडे बघत राहतो.

पण नंदू एवढ्यावर ऐकेल असं मला वाटत नाही. तो म्हणेल, "आवाज राहिला रे, हात गेला ना!"

जे खरंच एडिटिंग करतात त्यांनी सांगा: चेहऱ्यानंतर त्याच शॉटच्या शेवटच्या 4 सेकंदांवर परत आलं तर चालेल का? तोवर दिवा बराच पुढे गेलेला दिसेल. प्रेक्षकाला मधे वेळ गेला असं वाटेल, की उडी खटकेल?