लाल आणि ब्राऊन तांदळाचा भात: तुमचं पाणी किती, भिजवण किती?

गगनबावड्याहून पाहुण्यांनी पाच किलो लाल तांदूळ पाठवलाय. तीनदा केला, तिन्हीदा वरून फुटला आणि आत कणी राहिली. मला मऊ, पण दाताखाली लागणारा भात हवाय. आपापले अनुभव सांगा. – राजारामपुरीकर

चुलीजवळची: किती भिजवलात? माझा अंदाज, अर्धा तास. पांढऱ्याला तेवढं चालतं. याच्यावर कोंडा असतो, तो पाणी पटकन आत सोडत नाही. आच मोठी ठेवली की बाहेरचा भाग फुगून फुटतो आणि मधे पाणी पोचलेलंच नसतं. मी रात्री भिजत घालते, सकाळपर्यंत आठ तास होतात. मग एक दाणा नखानं तोडून बघते. मधे कडक खडूसारखं लागलं तर आणखी तासभर ठेवते. तांदूळ चाळणीत निथळून कुकरमध्येच घालते. वाटी तांदूळ कोरडा असताना मोजलेली, एका वाटीला पावणेदोन वाट्या पाणी. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग अगदी बारीक आचेवर बारा मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्यायची.

रंकाळ्याचा: एवढं कशाला ओ? तीन वाट्या पाणी घाला, सहा शिट्ट्या काढा. मऊ होतो की.

चुलीजवळची: मऊ होतो, पण चमच्यानं खायचा. त्यांनी दाताखाली लागणारा मागितलाय.

आईचा डबा: आमच्या कोकणातल्या मावशी उकडा तांदूळ भिजवत नाहीत, भरपूर पाण्यात शिजवून पेज काढतात. तसं करून बघा.

चुलीजवळची: उकडा वेगळा, ताई. तो गिरणीत जायच्या आधीच उकडलेला असतो. पण लाल तांदूळही भरपूर पाण्यात शिजवून गाळता येतो. दाणा दाबला की मधे ठिपका उरायला नको, तेव्हा गाळायचा. मोकळा होतो.

साखरवाला: मला शुगर आहे, डॉक्टरांनी ब्राऊन खा म्हणून सांगितलंय. एप्रिलमध्ये रात्रभर ओट्यावर भिजवला तर सकाळी आंबूस वास आला. आता फ्रिजमध्ये भिजवतो. घाई असली तर उकळतं पाणी ओतून दोन तास झाकून ठेवतो, तेही चालतं. पण मला अजून कळलं नाही, ते लालसर पाणी टाकायचं की त्यातच शिजवायचं?

चुलीजवळची: मी टाकते. सासूबाई त्यातच शिजवायच्या. वाद मिटलेला नाही.

राजारामपुरीकर: आज सकाळी केला. नऊ तास भिजवण, पावणेदोन वाट्या पाणी. वाफ जिरायच्या आत झाकण उघडायची घाई केली नाही. कोंड्याला बारीकशी चीर पडलेली, आत कणी नाही. तांबड्या रश्श्याबरोबर दाणा जागच्या जागी राहिला. उद्या चार वाट्या करायचाय, पाहुणे येणार. पाणी सरळ चौपट करू का?

चुलीजवळची: पुरती सात वाट्या नका घालू. वाफेत उडणारं पाणी चौपट होत नाही. मी साडेसहावर थांबेन, पण तुमचा कुकर मला माहीत नाही.